अकरावी पायरी: ग्रामसभेसाठी स्लाइड्सचा क्रम कसा लावायचा

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात औसा तालुक्यातल्या एका गावातून पाणी समितीचा पोरगा माझ्याकडं आला. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. विहिरी स्वतः टेप सोडून मोजल्या होत्या, घराघरांत जाऊन पेऱ्याची माहिती घेतली होती. लॅपटॉप उघडून म्हणाला, “ताई, सगळं आहे, पण बघताना बघताना माझंच लक्ष उडतंय.”

27 स्लाइड्स होत्या. गावाचा नकाशा, लोकसंख्या, दहा वर्षांचा पाऊस, मातीचे प्रकार, विहिरींची यादी, बोअरची यादी, पिकांची टक्केवारी, मग ‘उपाययोजना’ नावाची अकरा ओळींची स्लाइड, आणि शेवटी गुलाबाच्या फुलावर ‘धन्यवाद’. एकही आकडा खोटा नव्हता. पण कुठलीही स्लाइड उचलून दुसरीकडं ठेवली असती तरी कुणाला कळलं नसतं. सगळा घोटाळा तिथं होता, आणि आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी बसून तो निस्तरला. कसा, ते सांगते. उदाहरण पाण्याचं आहे, पण लोकांना पटवून एखाद्या निर्णयापर्यंत न्यायचं असेल तिथं हीच कामं करावी लागतात. आकडे सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत.

आधी शेवटची स्लाइड

लॅपटॉप बंद करायला लावला आणि त्याला विचारलं, “सभेला न आलेल्या माणसानं रात्री जेवताना विचारलं, काय झालं रे आज, तर सभेला गेलेल्यानं काय सांगावं असं तुला वाटतं?” तो म्हणाला, “पाण्याचा काटकसरीनं वापर केला पाहिजे.” मी म्हटलं, हे तर न येता पण सांगता येतं. बराच वेळ गेला. मग तो विहिरीबद्दल बोलायला लागला.

गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. मागच्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वरून अकरावी पायरी उघडी पडली आणि पंधरा दिवसांत टँकर लावावा लागला. हे त्यानं सहज सांगितलं. 27 स्लाइड्समध्ये ते कुठंच नव्हतं, कारण त्याच्या लेखी ती ‘माहिती’ नव्हती. मी कागदावर लिहिलं: 1 मे रोजी अकरावी पायरी पाण्याखाली पाहिजे. ही झाली शेवटची स्लाइड.

शेवटचं वाक्य निवडताना मी तीन गोष्टी तपासते. डोळ्यांना दिसेल अशी वस्तू त्यात आहे का, ते खरं झालं की खोटं हे कुणालाही जाऊन बघता येईल का, आणि म्हातारी माणसंसुद्धा ते जसंच्या तसं दुसऱ्याला सांगू शकतील का. ‘काटकसर’ तिन्हीत नापास होते. पायरी तिन्हीत पास होते, शिवाय पाणी भरायला गेलेल्या प्रत्येकाच्या ती रोज नजरेस पडते. सभा संपल्यावरही आठवण करून देणारी वस्तू गावात आधीपासून उभी असेल, तर शेवट तिच्यावरच करावा.

हे वाक्य आधी ठरलं नाही तर बाकीचा क्रम लावताच येत नाही. कुठली स्लाइड ठेवायची आणि कुठली काढायची, याला दुसरं माप नाही.

चिठ्ठ्या आणि पूर्ण वाक्यं

मग पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. एका स्लाइडला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर एकच पूर्ण वाक्य. ‘पर्जन्यमान’ हे वाक्य नाही. ‘उसाखालील क्षेत्र’ हेही नाही. क्रियापद आलं पाहिजे: काय झालं, काय होतं, काय लागतं.

हे काम वाटतं त्यापेक्षा जड जातं. ‘मातीचे प्रकार’ या चिठ्ठीवर पोरगा पाच मिनिटं अडला. शेवटी म्हणाला, “ताई, याचं वाक्य होईना. माती भारी, मध्यम आणि हलकी आहे, एवढंच.” मग ती चिठ्ठी बाजूला. वाक्य होत नाही याचा अर्थ त्या स्लाइडला या सभेत सांगण्यासारखं काही नाही. माहिती महत्त्वाची असेल, पण ती अहवालात जावी. अशा रीतीनं 27 पैकी 12 चिठ्ठ्या पहिल्याच संध्याकाळी गळाल्या.

मन घट्ट करून काढलेली एक होती. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या गाडीचा फोटो त्यानं दुसऱ्याच स्लाइडला लावला होता. आमच्या भागात तो फोटो दाखवला की सभा जिवंत होते, यात शंका नाही. पण जिवंत होऊन कुठं जाते? प्रत्येक जण आपली त्या उन्हाळ्याची आठवण सांगायला लागतो, मग शहराला पाणी आणि खेड्याला का नाही असा विषय निघतो, आणि पायरी राहते बाजूला. जोरदार फोटो चुकीच्या जागी असला तर तो पुढच्या स्लाइडची वाट अडवतो. त्याला म्हटलं, हा फोटो काढून तुझा धागा तुटतो का बघ. तुटला नाही.

‘पण’ आणि ‘म्हणून’

उरलेल्या चिठ्ठ्या फरशीवर एका रांगेत मांडल्या. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये कुठला शब्द बसतो ते मोठ्यानं म्हणायचं. ‘पण’ किंवा ‘म्हणून’ बसला, तर दुसरी स्लाइड पहिलीवर उभी आहे. ‘मग?’ असा प्रश्न पडून पुढच्या चिठ्ठीत त्याचं उत्तर मिळत असेल तरी चालतं. पण ‘आणि’, ‘तसेच’, ‘याशिवाय’ यांच्याखेरीज काहीच बसत नसेल, तर त्या दोन स्लाइड्स एकमेकींच्या शेजारी नुसत्या बसल्या आहेत.

‘गावात 90 विहिरी आहेत.’ तसेच ‘गावात 60 बोअर आहेत.’ तसेच ‘पाझर तलाव एक आहे.’ अशी त्याची रांग होती. ऐकणारा तिसऱ्या ‘तसेच’ला मोबाईल काढतो. या तिन्हींचं मिळून एकच वाक्य झालं: ‘जूनपर्यंत गावाकडं एवढं पाणी आहे.’ तीन स्लाइड्सची एक झाली.

याच्या जोडीला अदलाबदलीची परीक्षा घ्यावी. शेजारच्या दोन चिठ्ठ्यांच्या जागा बदला आणि रांग पुन्हा वाचा. काहीच बिघडलं नाही, तर आधीच्या स्लाइडनं पुढचीसाठी काहीच तयार करून ठेवलं नव्हतं. बिघडलं, वाक्य लंगडलं, तर क्रम पक्का. नुसतं वाचून दोन स्लाइड्स जोडलेल्या वाटतात, आणि जागा बदलल्यावरच खरं काय ते उघडं पडतं. लॅपटॉपवर हे करायचं असेल तर पॉवरपॉइंटमध्ये `View` मधलं `Slide Sorter` उघडून स्लाइड ओढून इकडं-तिकडं करता येते. तरी पहिल्या फेरीला मी फरशीच पसंत करते. स्क्रीनवर माणूस रंग आणि अक्षरं सजवत बसतो.

एकच माप शेवटपर्यंत

आता मुख्य अडचण. त्याच्या स्लाइड्समध्ये पाऊस मिलिमीटरमध्ये होता, विहिरींतलं पाणी घनमीटरमध्ये, पिण्याचं पाणी लिटरमध्ये आणि पिकाची गरज सेंटिमीटरमध्ये. प्रत्येक स्लाइडवर ऐकणाऱ्याला नवं गणित. मागच्या स्लाइडचा आकडा पुढच्या स्लाइडवर नेताच येत नव्हता, मग एकीवर दुसरी चढणार कशी?

आम्ही सगळं एका मापात आणलं: एकराला पाण्याची एक पाळी. पाटानं पाणी देताना एका पाळीला साधारण सहा सेंटिमीटर पाणी धरतात. एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर, तेव्हा एका पाळीला 240 घनमीटर, म्हणजे अडीच लाख लिटरच्या आसपास. रान भारी की हलकं यावर हे कमी-जास्त होतं, आणि ठिबकवाल्यांना ते तसंच लागू होत नाही. पण सभेतल्या प्रत्येकानं रात्री लाइट आल्यावर उठून पाळी दिलेली असते. घनमीटर कुणी पाहिलेला नाही.

पिण्याच्या पाण्याचं उदाहरण घ्या. गाव 2,000 वस्तीचं. माणशी रोज 55 लिटर धरलं तर दिवसाला 1 लाख 10 हजार लिटर. 800 मोठ्या जनावरांना प्रत्येकी 60 लिटर म्हणजे आणखी 48 हजार. नोव्हेंबर ते जून असे 242 दिवस धरले तर दोन्हींची बेरीज जाते 4 कोटी लिटरच्या जवळ. हा आकडा स्लाइडवर टाकला तर लोक नुसती मान डोलावतात. त्याला अडीच लाखांनी भागलं की होतात 160 पाळ्या. ‘माणसं आणि जनावरं मिळून आठ महिन्यांत 160 पाळ्या पितात’ म्हटलं की शेतकरी मनात लगेच आपल्या रानाशी ताडून बघतो. भागाकार तुम्ही घरी करा, स्लाइडवर फक्त 160 दाखवा.

माप एक झाल्यावर चित्रही एकच करता आलं. आडवी निळी पट्टी, दहा खण, एका खणात 100 पाळ्या. पहिल्यांदा पूर्ण निळी. मग प्रत्येक स्लाइडवर तिच्यातून एक तुकडा जातो. पट्टीची जागा हलत नाही, लांबी बदलत नाही, रंगाचे अर्थ बदलत नाहीत. हे साधायला सोपी युक्ती आहे: पट्टी एकदा काढा, ती स्लाइड निवडून `Ctrl+D` दाबा, जुळी स्लाइड तयार होते, आणि तिच्यात एकच गोष्ट बदला. नव्या कोऱ्या स्लाइडवर पट्टी पुन्हा काढायला गेलात तर ती दोन बोटं सरकते, आणि पडद्यावर ते सरकणं बदललेल्या आकड्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतं.

तुकडे पुसणारं अॅनिमेशनही करता येईल. मी करू देत नाही. ग्रामपंचायतीच्या संगणकावर फाँट बिघडेल म्हणून आपण पीडीएफ सोबत नेतो, आणि पीडीएफमध्ये अॅनिमेशन उरत नाही. वेगवेगळ्या स्लाइड्स असल्या की पीडीएफमध्येही पट्टी टप्प्याटप्प्यानं कमी होत जाते.

पट्टीचा आणखी एक फायदा सभेच्या दिवशी कळला. ग्रामसभेला निम्मी माणसं उशिरा येतात. पाचव्या स्लाइडला आत आलेल्या माणसालाही पडद्यावर आतापर्यंतचा सगळा हिशेब दिसतो: एवढं होतं, एवढं गेलं, एवढं राहिलं.

कुणाचं नाव कधी घ्यायचं

वजाबाकी कुठल्याही क्रमानं केली तरी उत्तर तेच येतं. सभेत तसं होत नाही. हे मी स्वतः चुकून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या गावात मी दुसऱ्याच स्लाइडला उसाचा आकडा लावला होता, कारण तो सगळ्यांत मोठा होता आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटत होता. समोरच्या रांगेत उसवाले बसले होते. तिसरी स्लाइड लागलीच नाही. “आमच्यावरच का?” इथून सुरुवात झाली आणि अर्ध्या तासानं लोक उठून गेले. आकडा बरोबर होता. पण तोपर्यंत सगळ्यांचं मिळून असं काही मी त्यांच्यापुढं ठेवलंच नव्हतं, त्यामुळं तो आकडा आरोपासारखा ऐकू आला.

म्हणून क्रम असा: ज्यावर सभेत एकही माणूस वाद घालणार नाही ते आधी. विहिरीची पायरी सगळ्यांनी पाहिली आहे. टँकरची रांग सगळ्यांनी लावली आहे. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, याला ऊसवाला, गहूवाला, भूमिहीन, सगळे हो म्हणतात. दोन-तीन वेळा हो म्हणून झाल्यावर उभ्या उसाचा आकडा येतो, आणि तो आरोप न करता येतो, कारण पट्टीत त्याची जागा फक्त पुढची आहे. ‘ऊस 640 पाळ्या पितो’ असं न लिहिता ‘उभ्या 40 एकर उसाला 640 पाळ्या लागतील’ असं लिहिलं. वाक्यातला हा फरक पोरानंच सुचवला.

गावाचा हिशेब असा निघाला. नोव्हेंबर ते जून हाताशी 1000 पाळ्या. माणसं-जनावरं 160. ऊस 40 एकर, पंधरा दिवसांनी एक पाळी धरली तर आठ महिन्यांत 16 पाळ्या, म्हणजे 640. उरल्या 200. आणि रब्बीचा बेत: हरभरा 150 एकर, दोन पाळ्या, म्हणजे 300, गहू 40 एकर, पाच पाळ्या, म्हणजे 200. एकूण 500. तूट 300.

उपाय एकापाठोपाठ कसे लावायचे

बहुतेक सादरीकरणं इथं येऊन घसरतात. अडचण नीट चढत जाते आणि मग ‘उपाययोजना’ नावाच्या स्लाइडवर अकरा ओळी एकदम सांडतात. ‘तसेच’ची रांग पुन्हा सुरू.

अकरातून दोन निवडले. उसात पाचट झाकून एक आड एक सरीला पाणी दिलं तर 16 च्या ठिकाणी 12 पाळ्यांत भागेल, असं समितीनं धरलं. एकरी चार पाळ्या, 40 एकर, म्हणजे 160. आणि 40 एकर गव्हाच्या जागी रब्बी ज्वारी पेरली तर पाचाऐवजी एका पाळीवर निघते. पुन्हा एकरी चार पाळ्या, पुन्हा 160.

पण या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली तर काहीच बिघडेना. म्हणजे त्या एकमेकींवर उभ्या नव्हत्या. त्यांच्यामध्ये ‘पण’ कुठून आणायचा? उत्तर तुटीत होतं. पहिल्या उपायानंतर तूट किती राहिली ते त्याच स्लाइडवर दाखवायचं: 300 तून 160 गेले, अजून 140 कमी. पट्टीवर 140 ची लाल जागा उघडीच राहते. ती बघून दुसऱ्या उपायाची वाट ऐकणारा स्वतः बघायला लागतो. मग ज्वारीची स्लाइड: 140 भरून निघाले, वर 20 शिल्लक. दोन उपाय असोत की चार, प्रत्येकानंतर काय बाकी राहिलं ते दाखवलं की त्यांची यादी राहत नाही, त्यांचा जिना होतो.

आधी कुणाला मागायचं, यावर आमचं दोघांचं जमेना. तो म्हणत होता गहूवाले आधी, कारण ते लवकर ऐकतील. मला ते पटलं नाही. मागच्या स्लाइडवर 640 हा सगळ्यांत मोठा तुकडा लोकांनी पाहिलेला असतो, आणि तूट दिसली की सगळ्यांची नजर आधी तिकडंच जाते. त्या वेळी गव्हाबद्दल बोलणं म्हणजे लोकांच्या मनातला प्रश्न टाळणं. तो प्रश्न टाळला की त्यापुढची एकही स्लाइड कुणी ऐकत नाही. म्हणून ऊस आधी. आणि दोन्हीकडून एकरी चार-चारच पाळ्या मागतोय, हे ज्वारीच्या स्लाइडवर तोंडानं सांगायचं ठरलं. ते लिहून ठेवलं नाही. बोलण्यासाठी काहीतरी हातात राखावं.

शेवटी रांग अशी बसली:

1. आज आपल्या विहिरीत पाणी चौथ्या पायरीला आहे.
2. मागच्या ऑक्टोबरातही इथंच होतं, पण मार्चमध्ये अकरावी पायरी उघडी पडली.
3. म्हणून या वर्षी आधी मोजलं: जूनपर्यंत 1000 पाळ्या आहेत.
4. त्यातल्या 160 माणसांच्या आणि जनावरांच्या.
5. उभ्या 40 एकर उसाला 640 लागतील.
6. उरल्या 200.
7. पण रब्बीचा बेत 500 चा आहे. 300 कमी पडतात.
8. उसाच्या एकरी चार पाळ्या वाचवल्या, तरी 140 कमी.
9. गव्हाच्या जागी ज्वारी घेतली की तूट भरते, 20 उरतात.
10. 1 मे रोजी अकरावी पायरी पाण्याखाली पाहिजे.

फक्त ही दहा वाक्यं वरून खाली वाचा. स्लाइड न बघता गोष्ट कळते का? हीच शेवटची परीक्षा. सहावी स्लाइड बघून कुणी म्हणेल, दोन शब्दांची स्लाइड कशाला, पाचवीवरच लिहून टाका. आम्हीही आधी तसंच केलं होतं. पण 640 आणि 200 एकाच वेळी पडद्यावर आले की लोक 640 वर बोलत राहतात. 200 ला स्वतःची स्लाइड आणि बोलणाऱ्याची चार-पाच सेकंदांची शांतता मिळाली, तेव्हा सातवीतला ‘पण’ लागला.

पहिला फोटो शेवटी परत

पहिल्या स्लाइडला त्याच दिवशी सकाळी काढलेला विहिरीचा फोटो आहे. शेवटच्या स्लाइडला तोच फोटो, त्याच कोनातून, त्याच आकारात. फरक एवढाच की अकराव्या पायरीच्या जागी एक लाल रेघ आहे. सुरुवातीला लोकांनी नुसती विहीर पाहिली. मधल्या आठ स्लाइड्सनंतर त्याच विहिरीत त्यांना हिशेब दिसायला लागतो. फोटो बदलला असता तर हे झालं नसतं. विहीर भरभरून वाहते असं इंटरनेटवरचं छान चित्र लावायचा मोह त्याला झाला होता. ती विहीर गावाची नव्हती.

अकरावी पायरी पाण्याखाली असल्यामुळं फोटोत दिसत नाही. म्हणून दुसऱ्या स्लाइडसाठी मागच्या मार्चमधला कुणाच्या तरी मोबाईलमधला फोटो शोधला, दिसणाऱ्या पायऱ्या मोजल्या आणि त्या अंतरावर रेघ मारली. हे अंदाजे करू नका. गावात पायऱ्या माहीत असलेली माणसं असतात आणि रेघ एका पायरीनं चुकली तर शेवटची स्लाइड विनोदाची होते.

शेवटच्या स्लाइडवर एक वाक्य आणि फोटो, बस. फोन नंबर नाही, समितीची नावं नाहीत, ‘धन्यवाद’ नाही. आभार तोंडानं मानावेत. ‘धन्यवाद’ची स्लाइड लागली की ती प्रश्नोत्तरं संपेपर्यंत पडद्यावर राहते, म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ दिसणारी स्लाइड सगळ्यांत रिकामी. त्या जागी लाल रेघ राहू द्या.

प्रश्नांसाठी लागणारी माहिती, म्हणजे विहिरींची यादी, पावसाचे आकडे, मातीचा तो नकाशा, दहाव्या स्लाइडनंतर ठेवली. गळालेल्या चिठ्ठ्यांची जागा ती. सादरीकरण चालू असताना स्लाइडचा नंबर टाइप करून `Enter` दाबलं की थेट तिथं जाता येतं. कागदावर यादी लिहून ठेवा: 12 विहिरी, 13 पाऊस, असं. उत्तर झालं की `10` आणि `Enter`, पुन्हा पायरी. कुणाचं बोलणं लांबलं आणि पडदा नको वाटला तर `B` दाबलं की तो काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो.

तालीम

तालीम आरशासमोर करू नये. विषय माहीत नसलेलं एक माणूस समोर बसवा. आम्ही त्याच्या आत्याला बसवलं. प्रत्येक स्लाइडनंतर थांबून एवढंच विचारायचं: “आता पुढं काय येईल असं वाटतं?” उत्तर अचूक यायला नको. पण पुढच्या स्लाइडच्या दिशेचं आलं पाहिजे. चौथ्या स्लाइडनंतर आत्या म्हणाल्या, “आता उसाचं सांग की.” तिथं क्रम बरोबर होता. दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये मात्र त्या गप्प राहिल्या. तोपर्यंत तिसऱ्या चिठ्ठीवर नुसतं ‘गावाकडं 1000 पाळ्या आहेत’ असं होतं. ‘म्हणून या वर्षी आधी मोजलं’ हे शब्द त्यांच्या गप्प राहण्यातून आले.

वेळ सगळ्या स्लाइड्सना सारखा वाटू नका. दहा स्लाइड्सना आम्ही 18 मिनिटं धरली. पहिल्या चार मिळून चार मिनिटं. पाचवी, सातवी आणि आठवी मिळून नऊ, कारण तिथं लोक मध्ये बोलणार. दहावीला एक मिनिटसुद्धा नाही. वाक्य वाचायचं, विहिरीच्या दिशेनं हात करायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसण्याचीही तालीम केली, नाहीतर माणूस घाबरून “तर मग असं आहे सगळं…” करत शेवट विस्कटतो.

या क्रमाची एक मर्यादाही सांगते. हाच ताळेबंद बँकेत कर्जासाठी किंवा तालुक्याला अधिकाऱ्यांपुढं मांडायचा असेल, तर मी दहावी, आठवी आणि नववी उचलून पुढं घेईन. त्यांना आधी ‘काय पाहिजे’ ते ऐकायचं असतं, मागचा हिशेब ते प्रश्न विचारून काढतात, आणि अनेकदा पाचव्या मिनिटाला फोन येऊन उठतात. पायरी-पायरीनं चढवणं तिथं चालतं जिथं ऐकणाऱ्यांनाच काहीतरी सोडायचं असतं.

सभेत सातव्या स्लाइडला लाइट गेली. चिठ्ठ्या पोराच्या खिशात होत्या. त्यानं आठवी, नववी आणि दहावी तशाच हातात धरून वाचल्या. पट्टी लोकांच्या डोळ्यांसमोर होतीच. उसवाल्यांपैकी एक काका म्हणाले, “चार पाळ्या सोडतो, पण गहूवाल्यांनी पण चार सोडायच्या.” पोरगा म्हणाला, “काका, पुढच्या चिठ्ठीवर तेच आहे.” आणि ती वर धरली.

सगळे गहूवाले ज्वारीवर आले नाहीत. 40 पैकी 26 एकरांवर ज्वारी पडली. दिवाळीच्या आधी कुणीतरी विहिरीत उतरण्याच्या जागी, कठड्यावर ऑइलपेंटनं ‘11’ लिहून खाली बाण काढला. कुणी लिहिलं ते समितीला अजून माहीत नाही.